मालवणीत गाणं लिहायचंय, पण नाशिककरांना कळलं पाहिजे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कुडाळकडचं, सासर नाशिकचं. सिडको, अंबड, सातपूर, पाथर्डी फाटा या भागात कोकणातून आलेली भरपूर घरं आहेत आणि श्रावण लागला की चवथीच्या फुगडीसाठी, सोसायटीच्या गणपतीसाठी मालवणी गाणं लिहिणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न यायला लागतात. ते इथे एकत्र केलेत. कुठल्याही प्रश्नापासून वाचलं तरी चालेल, जिथे आधीच सांगून झालंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मालवणी आणि कोकणी एकच ना? नाशिकमध्ये तर सुरगाण्याकडचे लोकही कोकणीच बोलतात म्हणे?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मालवणी म्हणजे मुख्यतः सिंधुदुर्गातली बोली, कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली वगैरे. गोव्याची कोकणी तिची शेजारीण, बरेच शब्द सारखे, पण भाषा वेगळी. आणि आपल्या सुरगाणा-पेठ पट्ट्यात कोकणा आदिवासी समाज जी कोकणी बोलतो तिचा मालवणीशी नावापुरताच संबंध. हे आधी सांगायचं कारण असं की 'कोकणी गाणं' अशी जाहिरात केली तर नाशिक जिल्ह्यात प्रेक्षक भलतंच काही ऐकायला येतात, त्यामुळे पत्रिकेवर सरळ 'मालवणी गाणं' छापा.

२. बाहेरच्यांना कळावं म्हणून निम्मं गाणं मराठीत आणि निम्मं मालवणीत लिहिलं तर?

नको. एका ओळीत 'मला' आणि पुढच्या ओळीत 'माका' आलं की कुडाळचा माणूस वैतागतो आणि नाशिकचा गोंधळतो, कुणाचंच भलं होत नाही. मिश्रण करायचंय ते वेगळ्या ठिकाणी.

बोलीचे दोन भाग धरा. एक व्याकरण, म्हणजे शेवटचे प्रत्यय आणि क्रियापदं: मला चं माका, तुला चं तुका, गावाला चं गावाक, वारा चं वारो, आहे चं आसा, आला चं इलो. दुसरा भाग म्हणजे शब्दसाठा: झिल म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, घोव म्हणजे नवरा, व्हाळ म्हणजे ओढा, हाडणे म्हणजे आणणे. पहिला भाग बाहेरच्याला जवळपास फुकटात कळतो. 'माका गावाक जावचां' ऐकून नाशिकमध्ये कुणीही 'मला गावाला जायचंय' हेच समजतं, कारण शब्दांची मुळं ओळखीची आहेत, फक्त शेपट्या बदलल्यात. अहिराणीतलं 'माले, तुले' कानावर पडलेल्या बागलाण-मालेगावकडच्या माणसाला तर 'माका, तुका' अजिबात जड जात नाही. कान अडतो तो दुसऱ्या भागात.

म्हणून व्याकरण शंभर टक्के मालवणी ठेवा, त्यात तडजोड नाही, आणि शब्दसाठा मोजून वापरा. मी स्वतः चार ओळींच्या कडव्यात पूर्ण अनोळखी असा एकच शब्द ठेवते, फार तर दोन, आणि तेसुद्धा शेजारच्या ओळीतून उलगडणार असतील तरच. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, शोधून शोधून दुर्मीळ शब्द भरतात आणि क्रियापदं प्रमाण मराठीतली ठेवतात. त्याने गाणं अवघडही होतं आणि मालवणीही वाटत नाही.

३. अनोळखी शब्द एवढे वाईट का? लोकगीतात थोडं न कळणारं असतंच की.

न कळणारा शब्द तसा निरुपद्रवी असतो, ऐकणारा त्याला सोडून पुढे जातो. घात करतात ते चुकीचे कळणारे शब्द, ऐकणाऱ्याला वाटतं समजलं आणि त्याच्या डोक्यात भलतंच चित्र तयार होतं. असे काही नेहमीचे:

चेडू हा शब्द गाण्यात पटकन गेला की 'चेंडू' ऐकू येतो. आवस म्हणजे आई, पण घाटावरच्या माणसाला 'अवस', म्हणजे अमावस्या. झिल म्हणजे मुलगा, पण पोवाडा-गोंधळ ऐकलेल्या माणसासाठी झील म्हणजे मागे सूर धरणारे, झीलकरी. 'हाडूक' म्हणजे आणायला, तिथे लोकांना हाड दिसतं.

क्रियापदांत एक मोठा खड्डा आहे. मालवणीत 'गेलो' म्हणजे तो गेला. प्रमाण मराठीत 'गेलो' म्हणजे मी गेलो. मालवणीत 'मी गेलो' साठी 'मी गेलंय' म्हणतात, मग बाई असो की बुवा. म्हणजे तुम्ही नुसतं 'गेलो गेलो दूर गेलो' असं लिहिलंत तर मालवणी माणसाला कुणीतरी पुरुष गेलेला दिसतो आणि नाशिकच्या माणसाला वाटतं गाणारा स्वतः निघाला, सगळी गोष्टच उलटी. 'जातंय' चं तसंच, आपल्याकडे 'पाणी जातंय', तिकडे 'मी जातंय'. याला उपाय साधा आहे, अशा क्रियापदाला कर्ता चिकटवून ठेवा. 'घोव माझो गेलो', 'मी जातंय गावाक'. बोलताना मालवणी माणूस कर्ता गाळतो, गाण्यात गाळू नका. 'इलो' ला हा धोका नाही कारण प्रमाण मराठीत तसं रूपच नाही, म्हणून कुठे चालत असेल तर मी 'गेलो' ऐवजी 'इलो' वर गोष्ट फिरवते.

४. एखादं कडवं घेऊन प्रत्यक्ष दुरुस्ती करून दाखवाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पाथर्डी फाट्याकडच्या एका ताईंनी पाठवलेलं कडवं त्यांना विचारून देतेय. विषय छान होता, मुलगा नाशकात कंपनीत, गावी पाऊस, चवथ आलीये, घरचे वाट बघतायत. त्यांनी लिहिलं होतं:

चेडू गेलां गो व्हाळार
झिल नाशकी रवलो
आवस खळ्यात उबी
झिलाक हाडूक कोण?

मालवणी म्हणून यात काही चूक नाही. मुलगी ओढ्यावर गेली, मुलगा नाशकात राहिला, आई अंगणात उभी, मुलाला आणायला कोण जाणार. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, मोजून बघा. पण हे मी आमच्या शेजारच्या काकूंना, त्या निफाडच्या, गाऊन दाखवलं आणि विचारलं काय झालं गाण्यात, तर त्या म्हणाल्या, कुणाचा तरी चेंडू गेला, अवसेच्या रात्री कुणीतरी खळ्यात उभं आहे आणि पुढे हाडाचं काहीतरी. भुताची गोष्ट झाली की हो!

चार ओळींत सहा अडथळे होते: चेडू, व्हाळ, झिल, आवस, खळा, हाडूक. आता काय काय केलं ते सांगते.

पहिलं, मुलगी आणि ओढा काढून टाकले, गोष्टीला त्यांची गरज नव्हती, त्या ओळीत फक्त मालवणी शब्द दाखवायची हौस होती. दुसरं, गाणं मुलाच्या तोंडी दिलं, त्यामुळे 'झिल' लागतच नाही, 'माका' मध्ये सगळं आलं. तिसरं, 'हाडूक कोण' च्या जागी 'जावचां' आणलं, ते ऐकताच कळतं. चौथं, पाऊस थेट न सांगता दोन चित्रांनी दाखवला. तेव्हा झालं ते असं:

पाणी साचलां खळ्यात
वारो लागलो माडाक
बापूस बघता वाट
माका जावचां गावाक

'खळा' ठेवला. निफाड-सिन्नरकडच्या माणसाला खळं म्हटलं की धान्य मळायची, कांदे पसरायची जागा दिसते, मालवणीत घरापुढचं सारवलेलं अंगण. चित्र थोडं वेगळं पण घरासमोरच्या मोकळ्या जागेत पाणी साचलंय एवढं पोचतं, तेवढं पुरे. असा अर्धा जुळणारा शब्द मला आवडतोच.

आता 'आवस' राहिली. आई तर हवीच, तिच्याशिवाय चवथीचं गाणं कसलं. पण ती पहिल्या कडव्यात नको. आधी बापूस, कारण बापूस सगळ्यांना कळतो. दुसऱ्या कडव्यात तीच चौकट परत:

आवस बघता वाट
भयण बघता वाट
चवथ इली दारात
माका जावचां गावाक

ज्या कानाने 'बापूस बघता वाट' ऐकलंय त्याला आता त्याच जागी आलेली आवस कोण हे सांगावं लागत नाही, आणि लगेच खाली भयण येते म्हणजे घरातलीच माणसं चाललीत. लोकगीतात नात्यांची माळ असतेच, सासू, नणंद, दीर, एकेक येत जातात आणि ओळ तीच राहते. ती पद्धत इथे शब्दकोशाचं काम करते आणि गाणं शिकवणी घेतंय असंही वाटत नाही. काकूंनी हे दुसरं रूप ऐकून 'आई' एकदाही न विचारता बरोबर सांगितली.

५. छंद कुठला धरायचा? गझलेसारखं मात्रा मोजून लिहावं लागतं का?

मात्रा नको, अक्षरं मोजा. ओळीला आठ अक्षरं हे सगळ्यात सोपं, टाळीवर बसतं, फुगडीलाही जमतं. जोडाक्षर एकच धरायचं, 'खळ्यात' म्हणजे ख, ळ्या, त, तीन. गाताना एखादं अक्षर जास्त झालं तरी लोकगीतात ते ओढून नाहीतर गिळून घेतात, पण लिहिताना आठ वर या म्हणजे गाणाऱ्या बाईवर ओझं पडत नाही.

यमकाचं मात्र सांभाळा. मालवणीत '-क' आणि '-लो' हे इतक्या ठिकाणी येतात की यमक आपोआप जुळतं, गावाक, घराक, दाराक, माडाक, आणि दहा ओळींनंतर सगळं गाणं एकाच आवाजात कावकाव करायला लागतं. वरच्या गाण्यात माडाक-गावाक पहिल्या कडव्यात एकदा आलं, त्यानंतर '-आक' फक्त ध्रुवपदाच्या ओळीला राखून ठेवलंय. बाकीच्या ओळी 'वाट', 'दारात' अशा वेगळ्या थांबतात.

अजून एक, गाताना पुढे येणारी अडचण: 'गावाक' मधला शेवटचा क लांब स्वरात आणि ढोलकीच्या थापेत हरवतो आणि बाहेरच्याला 'गावा' एवढंच ऐकू येतं. 'वा' वर हवं तेवढं थांबा आणि क ठसका मारल्यासारखा सोडा, थाप त्याच्यानंतर पडू दे.

६. लिहिताना 'साचला' लिहू की 'साचलां'? टिंबं द्यायची का?

मी देते. मालवणीत नपुंसकलिंगी रूप नाकात जातं, पाणी साचलां, घर पडलां, माका जावचां. टिंब नसेल तर प्रमाण मराठी वाचणारा 'साचला' ला पुल्लिंगी समजून 'पाणी साचला' ही चूक आहे असं म्हणतो, आणि गाणारा ते सपाट म्हणतो. टिंब दिलं की दोन्ही वाचतं. मालवणीत लिहिणारे बरेच जण टिंब देत नाहीत, ते चूक नाही, फक्त एका गाण्यात एकच पद्धत धरा. आणि 'नाय', 'इलो', 'व्हया' असं जसं बोललं जातं तसंच लिहा.

७. मी मूळ नाशिकचाच, मालवणी येत नाही, पण बायको वेंगुर्ल्याची आहे. शब्दांना 'ओ' लावला की मालवणी होतं का?

नाही हो दादा, आणि पकडले जाल ते तिथेच. 'ओ' फक्त पुल्लिंगी आकारान्त शब्दाला लागतो, वारा-वारो, बांगडा-बांगडो, माझा-माझो. स्त्रीलिंगी तसंच राहतं, माझी वाट, चवथ इली. नपुंसकलिंगाला '-आं', माझां घर. सगळ्यात जास्त घसरतात ते 'चेडू' वर, मुलगी आहे म्हणून 'माझी चेडू' लिहितात नाहीतर झोकात 'माझो चेडू', पण मालवणीत चेडू नपुंसकलिंगी, 'माझां चेडू', 'चेडू इलां'.

सोपी तपासणी सांगते, प्रत्येक ओळीतलं नाम आणि क्रियापद पेन्सिलीने जोडा आणि नाम पुल्लिंगी नसताना क्रियापद 'लो' वर संपत असेल तर थांबा. मग बायकोला वाचून दाखवू नका, तिला ती ओळ 'तुमच्या घरी हे कसं म्हणतात' असं विचारा. वाचून दाखवलं की घरची माणसं 'छान आहे' म्हणतात. आणि तिच्या घरचीच मालवणी धरा, गावागणिक थोडा फरक असतो, गोव्याकडे सरकलं की जास्त, त्यामुळे वेंगुर्ल्याचं एक आणि देवगडचं एक असं गोळा करू नका.

८. लोकांना कळलं की नाही हे कसं ओळखायचं?

'कळलं का?' असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. वाद्यं न घेता, कागद हातात न देता, एकदाच गा आणि मग विचारा 'गाण्यात काय झालं, कोण कुणाची वाट बघतंय?' गोष्ट बरोबर आली तर झालं, एखादा शब्द नाही कळला तरी चालेल. गोष्ट चुकीची आली तर कुठल्या शब्दाने भरकटवलं ते तिथेच विचारा, तो जवळजवळ नेहमी प्रश्न ३ मधल्या जातीचा निघतो. आणि ऐकणारा असा निवडा ज्याचं कोकणात कुणी नाही. मालवणी नाटकं कोळून प्यायलेला माणूस या कामाला उपयोगाचा नाही.

९. आमचं गाणं विरहाचं होतं आणि लोक हसले. काय चुकलं?

बहुधा तुमचं काही नाही. घाटावर मालवणी पोचली ती मुख्यतः विनोदी नाटकांतून, 1980 मध्ये आलेल्या 'वस्त्रहरण' ने तर ती घराघरात नेली, त्यामुळे मालवणी हेल ऐकला की प्रेक्षक हसायची तयारी करूनच बसतो. याला थोडं वळसा घालून जावं लागतं. पहिल्या दोन ओळींत माणूस नकोच, चित्र हवं, पाणी, वारा, माड, म्हणजे कान आधी शांत होतो. 'रे मेल्या', 'गो बाय', 'मरे' असली संबोधनं दुःखाच्या गाण्यात पहिल्या कडव्यात अजिबात नकोत, घाटावरच्या प्रेक्षकासाठी ते हशाचे इशारे आहेत. शिवाय 'मेल्या' गावी लाडाने म्हणतात, इथे ती शिवी वाटते, त्यामुळे मजेच्या गाण्यातसुद्धा कोण कुणाला म्हणतंय ते स्पष्ट असू द्या, आजी नातवाला म्हणाली की कुणी गैरसमज करत नाही. आणि चाल संथ घ्या, फुगडीच्या ठेक्यात विरह म्हटला तर मालवणातही हसतील.

१०. शब्दांचे अर्थ आधी सांगावेत का? पडद्यावर दाखवले तर?

आधी दोन वाक्यांत गोष्ट सांगा, 'पोरगा नाशकात, गावी चवथ, घरचे वाट बघतायत', बस. अर्थांची यादी वाचली की गाणं सुरू व्हायच्या आधीच माणसं मोबाईल काढतात. छापील कागद देत असाल तर तळाशी तीन-चार शब्द पुरे, आणि त्यात 'माका, गावाक' घालू नका, ते कळतंच. पडद्यावर ओळीखाली ओळ प्रमाण मराठी दाखवली की सगळे खालचीच ओळ वाचत बसतात, मी ते टाळते. व्हिडिओ असेल तर फक्त अडणाऱ्या शब्दाच्या वेळी अर्थ दाखवून काढून घ्या.

११. गाऱ्हाण्यातलं 'व्हय म्हाराजा' ध्रुवपद म्हणून घेतलं तर चालेल? लोक मस्त साथ देतात.

साथ देतात हे खरं, बाहेरच्यालाही पहिल्या फेरीत जमतं, कारण एकजण मागणं मागतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात एवढाच खेळ आहे आणि प्रत्येक ओळीचा अर्थ न कळूनही माणूस सामील होतो. पण गाऱ्हाणं ही देवासमोरची खरी मागणी आहे, गावात ते घालणारा ठरलेला माणूस असतो. गणपतीपुढच्या गाण्यात ट्रॅफिक, लाईट गेली, पगार वाढव असल्या मागण्या घालून मजा करतात, ते गावीही चालतं. ग्रामदैवताचं नाव घेऊन थट्टा मात्र नको, आणि नवस-मृत्यू असल्या मागण्या गंमतीत नकोत. शंका वाटली तर त्या गावच्या एखाद्या वयस्कर माणसाला आधी ऐकवा.

१२. हीच पद्धत अहिराणी गाण्याला लागू होईल का?

बऱ्यापैकी. तिथेही 'माले, तुले, शे' ही शेपटं आणि क्रियापदं निवांत वापरा आणि आंडोर म्हणजे मुलगा, अशा शब्दांना नात्यांच्या माळेत बसवा, प्रश्न ४ सारखं. फरक एवढाच की नाशिकमध्ये अहिराणी समजणारे खूप आहेत, कळवण, सटाणा, देवळा, मालेगावची माणसं प्रत्येक सोसायटीत निघतात, त्यामुळे इथल्या कार्यक्रमाला अनोळखी शब्द थोडे जास्त चालतात. तेच गाणं पुण्याला न्यायचं असेल तर परत मोजायला बसा.

१३. आमच्या आजीच्या एका जुन्या ओळीवर मी पुढे गाणं रचलं, ती ओळ कुणालाच कळत नाही. बदलू का?

ती ओळ बदलू नका, तिला ध्रुवपदही करू नका. सुरुवातीला एकदा, तालाशिवाय, आजी म्हणायची तशीच म्हणा आणि तुमच्या पहिल्या कडव्यात तेच चित्र कळणाऱ्या शब्दांत परत आणा. कागदावर त्या ओळीपुढे 'पारंपरिक' आणि बाकीच्यापुढे स्वतःचं नाव लिहा, नाहीतर पुढच्या चवथीला कुणीतरी सगळं गाणंच पारंपरिक म्हणून गातं, नाहीतर तुमच्यावर आजीची ओळ ढापल्याचा आरोप येतो, आणि दोन्ही भांडणं व्हॉट्सअॅप ग्रुपवर दसऱ्यापर्यंत चालतात.